केबलच्या लूपमुळे अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क बसतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या लहान-मध्यम ऑफिसांची नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम. दिवाळीच्या आधी रंगकाम आणि साफसफाई झाली, किंवा टेबलं इकडची तिकडे हलवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी एक ठरावीक फोन येतो: "काल सगळं चालू होतं, आज काहीच उघडत नाही." यातल्या बऱ्याच वेळा कारण एकच असतं. एक केबल, जिची दोन्ही टोकं भिंतीत किंवा स्विचमध्ये लागलेली असतात आणि त्यातलं एक तिथे लागायला नको असतं. लोक मला याबद्दल जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे देतो. उदाहरण म्हणून कर्वे रस्त्याजवळच्या एका ऑफिसात घडलेली घटना घेतली आहे, कारण तिच्यात जवळजवळ सगळं आलं होतं.

त्या ऑफिसात नेमकं काय झालं होतं?

चाळीसेक कॉम्प्युटर, रॅकमध्ये २४ पोर्टचा एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याच्या सेटिंग आत शिरून बदलता येतात असा, आणि कॉन्फरन्स रूमच्या टेबलाखाली ८ पोर्टचा एक साधा डेस्कटॉप स्विच. त्या छोट्या स्विचची एक केबल भिंतीतल्या पोर्टमधून रॅकमधल्या १७ नंबरला जात होती. दुसरी एक केबल मीटिंगला लॅपटॉप जोडण्यासाठी टेबलावर मोकळी ठेवलेली असायची. साफसफाई झाल्यावर शिपाईकाकांनी ती मोकळी वायर पाहिली. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून त्यांनी ती भिंतीतल्या शेजारच्या रिकाम्या पोर्टमध्ये नीट लावून ठेवली. तो पोर्ट रॅकमध्ये १८ नंबरला जोडलेला होता.

झालं. मोठा स्विच आणि छोटा स्विच यांच्यात आता दोन वाटा तयार झाल्या. एका वाटेने गेलेली गोष्ट दुसऱ्या वाटेने परत येऊ लागली. यालाच लूप म्हणतात. काकांची यात काही चूक नव्हती. मोकळं टोक जागेवर लावणं हे कुठलाही नीटनेटका माणूस करतोच. चूक नेटवर्कची होती, कारण एवढ्याशा गोष्टीने ते कोसळायला नको होतं.

एका केबलने चाळीस कॉम्प्युटर कसे बसतात?

नेटवर्कमध्ये काही निरोप एकासाठी असतात, काही सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठीच्या निरोपाला ब्रॉडकास्ट म्हणतात. एखाद्या कॉम्प्युटरला प्रिंटर शोधायचा असेल तर तो "अमुक पत्ता कुणाचा?" असं सगळ्यांना विचारतो. ही एआरपी विनंती. असा निरोप आला की स्विच तो ज्या पोर्टवरून आला तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. ते त्याचं कामच आहे.

आता वरचा लूप डोळ्यासमोर आणा. मोठ्या स्विचने तो निरोप १७ आणि १८ दोन्हीकडे सोडला. १७ वरून गेलेला छोट्या स्विचमधून फिरून १८ वर परत आला, १८ वरून गेलेला १७ वर परत आला. मोठ्या स्विचच्या दृष्टीने हे दोन नवे निरोप आहेत. म्हणून त्याने ते पुन्हा सगळ्यांना पाठवले, आणि पुन्हा त्या दोन वाटांवरही. हे थांबत नाही. इंटरनेटच्या आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. स्विच जे निरोप फिरवतो त्यांना इथरनेटच्या फ्रेम म्हणतात, आणि फ्रेममध्ये असा कुठलाही आकडा नाही. लूपमध्ये शिरलेली ब्रॉडकास्ट फ्रेम केबल काढेपर्यंत फिरत राहते.

इथे एक गैरसमज दूर करतो. एकच साधा लूप असेल तर फ्रेमची संख्या दुप्पट-चौपट होत जात नाही. दोन प्रती दोन दिशांनी गोल फिरत राहतात. पण ऑफिसमधला प्रत्येक कॉम्प्युटर अधूनमधून नवे ब्रॉडकास्ट सोडतच असतो. नवे आत येतात, जुने बाहेर पडत नाहीत, आणि थोड्याच वेळात लिंक गच्च भरते. गिगाबिट लिंकवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ मावतात. त्याच्या जवळपास जाणारा लोंढा मग प्रत्येक पोर्टवर, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि हजेरीच्या मशीनवर आदळतो. ब्रॉडकास्ट असल्यामुळे प्रत्येकाला तो उघडून बघावाच लागतो. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. लूप एकाहून अधिक असतील तर मात्र प्रती खरोखरच गुणाकाराने वाढतात.

दुसरा त्रास याहून छुपा आहे. कुठला कॉम्प्युटर कुठल्या पोर्टवर आहे, याची नोंद स्विच स्वतःकडे ठेवतो. ही मॅक टेबल. फिरत आलेली फ्रेम पाहून स्विचला वाटतं की अकाउंट्समधला कॉम्प्युटर आता १७ वर आहे, पुढच्या क्षणी वाटतं १८ वर आहे. त्यामुळे त्या कॉम्प्युटरसाठी आलेलं खरं कामाचं पॅकेटही भलत्याच दिशेला जातं.

हे नेट स्लो असल्यामुळे आहे की लूपमुळे, हे कसं कळायचं?

पहिला फोन सगळेजण इंटरनेटवाल्याला लावतात. त्याआधी एक गोष्ट करून बघा: ज्याला इंटरनेट लागतच नाही असं काम चालतंय का? त्या ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, टॅलीसुद्धा उघडत नाहीये, आणि सर्व्हर तर इथेच आहे ना?" तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं. ऑफिसातल्या ऑफिसात जाणारं कामही अडत असेल तर बाहेरच्या लाइनचा संबंध नाही.

मग ऑफिसच्या राउटरला पिंग करा, म्हणजे त्याचं उत्तर किती वेळात येतं ते बघा. तुमचा पत्ता वेगळा असेल, तो टाका:

```
ping -t 192.168.1.1
```

केबलवर बसलेल्या कॉम्प्युटरला एरवी उत्तर १ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर येतं. स्टॉर्ममध्ये ते शेकडो मिलिसेकंद घेतं आणि मधेमधे `Request timed out` दिसतं. नुकताच सुरू केलेला कॉम्प्युटर असेल तर त्याला आयपीच मिळत नाही आणि तो स्वतःच `169.254` ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. वाय-फाय तर बहुधा सगळ्यात आधी मरतं, कारण अॅक्सेस पॉइंट ब्रॉडकास्ट अगदी कमी वेगाने हवेत सोडतो आणि तेवढ्यानेच हवेतली सगळी वेळ खाल्ली जाते.

स्विचच्या लाइट बघून खरंच कळतं का?

हो, आणि लॅपटॉप उघडण्याआधी मी तेच बघतो. पण काय बघायचं ते माहीत हवं.

लाइट जोरात लुकलुकते एवढ्यावरून काही ठरत नाही. मोठी फाइल कॉपी होत असली तरी ती जोरात लुकलुकते. पण तेव्हा दोन-तीन पोर्ट धावत असतात आणि बाकीचे शांत असतात. निरोगी ऑफिसात प्रत्येक पोर्टची लय वेगळी असते. स्टॉर्ममध्ये सगळे पोर्ट एकाच तालावर, एकदम लुकलुकतात, कारण एकच फ्रेम एकाच वेळी सगळ्यांकडे जात असते. काही स्विचवर वेग इतका असतो की लाइट स्थिर पेटल्यासारखी दिसते, डोळे बारीक केले की तिची थरथर जाणवते.

माझी खात्रीची खूण म्हणजे ज्या यंत्राला कामच नाही त्याचा पोर्ट. त्या ऑफिसात ९ नंबरला दाराजवळचं हजेरीचं मशीन होतं. सकाळचे साडेअकरा वाजले होते, सगळे कधीच आत आले होते, बोट लावायला कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी त्या पोर्टची लाइट काही सेकंदांत एखादा ठिपका द्यावी इतकीच अपेक्षा असते. ती सर्व्हरच्या पोर्टइतकीच वेड्यासारखी धावत होती. मग शंका राहिली नाही.

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. स्टॉर्म आहे, हे लाइट सांगते. लूप कुठे आहे, हे सांगत नाही. लोंढा सगळीकडे सारखाच जात असल्यामुळे सगळे पोर्ट सारखेच दोषी दिसतात.

मग लूपची जागा शोधायची कशी?

एकेक केबल काढून. पण कॉम्प्युटरच्या सगळ्या केबल ओढत बसू नका. आधी फक्त त्या केबल काढा ज्या एका स्विचवरून दुसऱ्या स्विचकडे जातात. प्रत्येक केबल काढल्यावर पाच-दहा सेकंद थांबा आणि दोन्हीकडच्या लाइट बघा. त्यासाठी दुसऱ्या टोकाला फोनवर एक माणूस असला तर फार सोपं जातं.

केबल काढल्यावर तीनपैकी एक गोष्ट होते. काहीच फरक पडला नाही, तर लूप त्या फांदीवर नाही, पुढच्या केबलकडे जा. रॅक शांत झाला पण टेबलाखालचा छोटा स्विच एकटाच वेड्यासारखा लुकलुकत राहिला, तर लूप त्याच्याच पोटात आहे, म्हणजे त्याच्याच दोन पोर्टांना एक केबल जोडलेली आहे. आणि दोन्ही एकदम शांत झाले, तर लूप त्या दोघांच्या मध्ये होता आणि तुम्ही त्याची एक बाजू तोडली.

त्या ऑफिसात मी १७ नंबरची केबल काढली आणि रॅक आणि कॉन्फरन्स रूम दोन्ही एका क्षणात शांत झाले. इथे नीट लक्ष द्या, कारण नेमकी इथेच चूक होते. १७ ची केबल वर्षानुवर्षं तिथेच होती, ती बरोबर होती. ती काढल्यावर कॉन्फरन्स रूम १८ वरून चालू राहिली, आणि सगळं ठीक झालंय असं वाटलं. कुणी "१७ खराब आहे" अशी चिठ्ठी लावून गेला असता, तर महिन्याभराने दुसऱ्या कुणीतरी ती केबल परत लावली असती आणि स्टॉर्म पुन्हा आला असता. म्हणून लूप तुटला की काम संपत नाही. त्या छोट्या स्विचच्या प्रत्येक केबलचं दुसरं टोक हाताने धरत भिंतीपर्यंत जायचं. मी टेबलाखाली बसून तेच केलं, तेव्हा पाचव्या पोर्टची केबल भिंतीत गेलेली सापडली.

स्विच बंद करून चालू केला तर?

तो परत सुरू होईपर्यंत शांतता मिळते. त्यानंतरच्या पहिल्याच ब्रॉडकास्टला सगळं पुन्हा सुरू होतं. शिवाय स्विचच्या मेमरीतल्या लॉगमध्ये पुरावा असतो आणि रीस्टार्टने बहुधा तो पुसला जातो. म्हणून आधी लॉग बघा.

मॅनेज्ड स्विच असेल तर लॉगमध्ये काय दिसतं?

सिस्को कॅटॅलिस्टवर अशी ओळ येते:

```
%SW_MATM-4-MACFLAP_NOTIF: Host 0011.2233.4455 in vlan 1
is flapping between port Gi0/17 and port Gi0/18
```

म्हणजे एकच कॉम्प्युटर कधी १७ वर तर कधी १८ वर दिसतोय. तारेने जोडलेला कॉम्प्युटर एका सेकंदात जागा बदलत नाही, तेव्हा या दोन पोर्टांच्या पलीकडे कुठेतरी वाट जुळलेली आहे. ही ओळ मिळाली तर वरचा केबल काढण्याचा खटाटोप जवळजवळ वाचतो. फक्त स्टॉर्म जोरात असताना स्विचचा प्रोसेसर इतका गुंतलेला असतो की नेटवर्कवरून लॉगिन होत नाही. लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कन्सोल केबल बॅगेत ठेवा.

स्पॅनिंग ट्री म्हणजे काय आणि ती इथे काय करते?

हाच प्रश्न सोडवण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना ही पद्धत शोधली. १९९० मध्ये ती आयट्रिपलईच्या ८०२.१डी या मानकात आली. कल्पना सुंदर आहे: तारा कितीही जोडा, स्विच आपसात बोलून ठरवतात की कुठल्या वाटा चालू ठेवायच्या आणि कुठल्या रोखायच्या, म्हणजे शेवटी फक्त फांद्या उरतील, वेढा उरणार नाही.

हे बोलणं बीपीडीयू नावाच्या छोट्या फ्रेममधून चालतं. एक स्विच मूळ, म्हणजे रूट ठरतो आणि बीपीडीयू दर २ सेकंदांनी निघतात. मोठ्या स्विचने १७ वरून सोडलेला बीपीडीयू छोट्या स्विचमधून फिरून १८ वर आला, की मोठ्या स्विचला कळतं, "हा तर माझाच निरोप, म्हणजे या दोन पोर्टांच्या पलीकडे वाट जुळली आहे." मग तो १८ वर वाहतूक थांबवतो. केबल लागलेलीच राहते, लिंकही चालू दिसते, फक्त त्यातून कामाची फ्रेम जात नाही.

स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री होती, तरी स्टॉर्म का आला?

त्या ऑफिसात मला स्विचच्या कॉन्फिगरेशनमध्ये ही ओळ सापडली:

```
no spanning-tree vlan 1
```

कुणीतरी ती मुद्दाम बंद केली होती, आणि त्यामागचं कारणही समजण्यासारखं होतं. जुन्या पद्धतीत पोर्ट सुरू झाला की १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. ती ३० सेकंदं कॉम्प्युटरला काहीच मिळत नाही, कधी आयपी मागण्याची मुदतही संपते. लोक तक्रार करतात, "सकाळी मशीन लावलं की नेट उशिरा येतं", आणि वैतागून कुणीतरी स्पॅनिंग ट्रीच बंद करतो. तक्रार मिटते आणि ऑफिसचं कवच जातं.

त्यावरचा योग्य उपाय असा आहे. २००१ मध्ये आलेली रॅपिड स्पॅनिंग ट्री वापरा, आणि ज्या पोर्टवर कॉम्प्युटर आहेत त्यांना पोर्टफास्ट द्या, म्हणजे ते लगेच सुरू होतील. सोबत बीपीडीयू गार्ड द्या. ज्या पोर्टवर बीपीडीयू यायलाच नको तिथे तो आला, की गार्ड पोर्ट बंद करून टाकतो.

```
spanning-tree vlan 1
spanning-tree mode rapid-pvst
interface range gigabitEthernet 0/1 - 16
 spanning-tree portfast
 spanning-tree bpduguard enable
```

१७ आणि १८ मी मुद्दाम वगळले, कारण मला चाचणी करायची होती. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर साहेबांची परवानगी घेऊन मी तीच केबल पुन्हा १८ मध्ये लावली. १८ ची लाइट नारिंगी झाली आणि तशीच राहिली. बाकी पोर्ट शांत. मग `show spanning-tree` दिलं:

```
Interface    Role Sts Cost  Prio.Nbr Type
Gi0/17       Desg FWD 4     128.17   P2p
Gi0/18       Back BLK 4     128.18   P2p
```

`BLK` म्हणजे रोखलेला. सकाळी ज्या केबलने सगळ्यांना बसवून ठेवलं, तीच केबल आता लावलेली होती आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नसता. त्यानंतर १७ आणि १८ वरही गार्ड लावला.

नारिंगी लाइटबद्दल एक सांगून ठेवतो. कॅटॅलिस्टवर ती रोखलेला पोर्ट दाखवते, पण कित्येक इतर स्विचवर नारिंगीचा अर्थ नुसता १०० एमबीपीएस वेग असा असतो. तुमच्या स्विचची पुस्तिका बघूनच अर्थ लावा.

छोट्या साध्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नसते. मग तो मधे असला तर चालतं का?

बहुतेकदा चालतं, कारण तो बीपीडीयू समजून न घेता इतर फ्रेमसारखाच पुढे ढकलतो, आणि मोठ्या स्विचला आपला निरोप परत मिळतो. पण काही साधे स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. तेव्हा मोठा स्विच आंधळा होतो. त्याला दोन्ही पोर्ट निरोगी दिसतात आणि स्टॉर्म होऊन जातो. तुमचा कुठल्या जातीचा आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. वर केली तशी चाचणी सुट्टीच्या दिवशी करा.

यासाठी दुसरी भिंत म्हणून स्टॉर्म कंट्रोल असतो. तो बीपीडीयूची वाट बघत नाही. ब्रॉडकास्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की वरचा भाग टाकून देतो.

```
interface range gigabitEthernet 0/1 - 18
 storm-control broadcast level 1.00
```

गिगाबिट पोर्टवर १ टक्का म्हणजे १० एमबीपीएस, सर्वांत लहान फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे १४,८८०. चाळीस कॉम्प्युटरच्या ऑफिसात रोजचा ब्रॉडकास्ट याच्या आसपासही जात नाही. लूप यामुळे जात नाही, पण ऑफिस चालत राहतं आणि शोधायला सवड मिळते.

आमच्याकडे सगळेच स्विच साधे आहेत. सगळे बदलावे लागतील का?

नाही. रॅकमधला मुख्य एकच बदला. टेबलाखालचे छोटे तसेच राहू द्या, फक्त प्रत्येक छोटा स्विच थेट मुख्य स्विचला जोडा, एकामागे एक साखळी करू नका. स्वस्त स्मार्ट स्विच घेतलात तर त्याच्या वेब पेजवर जाऊन स्पॅनिंग ट्री किंवा लूप प्रिव्हेन्शन चालू आहे का ते बघा. काही मॉडेलमध्ये ती सोय बंदच येते, आणि नवीन स्विच बसवून निश्चिंत झालेली ऑफिसं मी पाहिली आहेत.

केबल तर कुणी हलवली नाही, तरी लूप झाला. असं होतं का?

टेबलावरचे आयपी फोन बघा. फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे आणि एक कॉम्प्युटरसाठी, आणि त्यांच्यामध्ये फोनच्या पोटात छोटा स्विचच असतो. कुणी जागा बदलताना दोन्ही केबल भिंतीत लावल्या की झाला लूप. हे फार होतं, आणि फोन "केबल" वाटत नसल्यामुळे कुणी तिकडे बघत नाही.

लूप काढला, तरी काही मशीन चालत नाहीत. आता?

`169.254` पत्ता घेऊन बसलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर हे द्या:

```
ipconfig /renew
```

गुदमरलेले प्रिंटर आणि हजेरीचं मशीन एकदा बंद करून चालू करा. एखादा पोर्ट चालतच नसेल तर तो गार्डने बंद केलेला असू शकतो. `show interfaces status` मध्ये त्याच्यापुढे `err-disabled` दिसेल. त्या पोर्टच्या केबलचं दुसरं टोक बघितल्याशिवाय तो चालू करू नका. खात्री झाली की `shutdown` आणि मग `no shutdown` दिलं की तो परत येतो. त्या दिवशी कॉन्फरन्स रूमच्या १८ नंबरच्या भिंतीतल्या पोर्टवर मी प्लास्टिकचं झाकण बसवलं, आणि मोकळ्या केबलच्या टोकाला मराठीत पट्टी लावली: "लॅपटॉपसाठी. भिंतीत लावू नये." शिपाईकाकांनी ती दोनदा वाचली आणि तशाच आणखी चार पट्ट्या मागून घेतल्या.